'मागच्या सोसायटीच्या गेटला' की 'सोसायटीच्या मागच्या गेटजवळ'?

प्रश्न: कॅबच्या चालकाला मी रात्री असा मेसेज केला: "दादा उद्या सकाळी साडेसहाला स्टेशनला जायचे आहे मागच्या सोसायटीच्या गेटला लवकर येणे दोन बॅगा आहेत पोहोचल्यावर फोन करणे". ते भलत्याच गेटला जाऊन थांबले आणि बोलण्यात जरा नाराजही वाटले. रचनेत काय चुकले? आदर राखून हे कसे लिहावे?

उत्तर: चालक चुकले असे मला वाटत नाही. जे लिहिले होते, तेथेच ते गेले. 'मागच्या सोसायटीच्या गेटला' हे शब्द ओळीने वाचले तर 'मागच्या' हे विशेषण लगेच पुढे आलेल्या 'सोसायटी'ला चिकटते आणि अर्थ होतो, मागे जी दुसरी सोसायटी आहे तिचे गेट. तुम्हाला मात्र तुमच्याच सोसायटीचे मागचे गेट म्हणायचे होते.

हा घोटाळा मराठीत सहज होतो, त्याला कारण आहे. विशेष्याला प्रत्यय नसतो तेव्हा विशेषण आपले लिंग दाखवते: 'मागचे गेट', 'मागची सोसायटी'. त्यामुळे शब्द थोडे इकडेतिकडे झाले तरी 'मागचे' म्हणजे गेटच, हे कळते. पण नामाला 'ला', 'च्या', 'जवळ' असे काही लागले की विशेषणाचेही सामान्यरूप होते, आणि ते तिन्ही लिंगांत एकच असते. 'मागचा', 'मागची', 'मागचे' या तिघांचेही 'मागच्या'च होते. लिंगाची खूण पुसली गेली की विशेषण कोणाचे हे सांगायला उरतो तो फक्त शब्दक्रम. म्हणूनच पत्त्यात तो काटेकोर लागतो. मोठी जागा आधी, तिचा भाग नंतर, आणि विशेषण ज्याचे त्याच्या अगदी अलीकडे: 'सोसायटीच्या मागच्या गेटजवळ'. याही शब्दांचा 'सोसायटीच्या मागे असलेल्या गेटजवळ' असा अर्थ कोणी लावू शकेल, परंतु तो लावूनही माणूस त्याच गेटजवळ पोहोचतो, तेव्हा ही संदिग्धता निरुपद्रवी आहे. तरीही शंका वाटलीच, तर प्रत्यय टाळून 'सोसायटीचे मागचे गेट' असे लिहावे, म्हणजे पुसलेली खूण परत येते.

येथे 'ला'ऐवजी 'जवळ' मी मुद्दाम घेतला आहे. तुमच्या मेसेजमध्ये 'साडेसहाला', 'स्टेशनला', 'गेटला' असे तीन 'ला' आहेत, आणि त्यांतला पहिला वेळेचा, दुसरा जाण्याच्या ठिकाणाचा, तिसरा भेटण्याच्या ठिकाणाचा आहे. बोलताना आवाजाच्या चढउताराने ते वेगळे होतात, लिहिताना होत नाहीत. वेळेसाठी 'वाजता', भेटीच्या जागेसाठी 'जवळ' आणि फक्त गंतव्यासाठी 'ला' ठेवला की प्रत्येकाचे काम वेगळे दिसते.

वेळेचेही तसेच आहे. मराठीत वेळ सांगणारा शब्द पुढे येणाऱ्या क्रियापदाशी जोडून वाचला जातो. 'साडेसहाला स्टेशनला जायचे आहे' यात साडेसहा 'जायचे'शी जोडले गेले आहेत, 'येणे'शी नाहीत. मग साडेसहाला निघायचे, की साडेसहाला स्टेशनवर असायचे? कॅब गेटजवळ किती वाजता हवी, हे तुमच्या मेसेजमध्ये कुठेच नाही, आणि त्यावर 'लवकर' या शब्दाने भरच घातली आहे. वेळ ठरलेली असताना 'लवकर' म्हणजे ठरलेल्या वेळेआधी, की उशीर न करता, हे वाचणाऱ्याने कसे ठरवावे? तो शब्द काढून टाकावा. थोडे आधी आलेले चालणार असेल, तर 'पाच मिनिटे आधी आलात तरी चालेल' असे सरळ लिहावे.

'उद्या'चा एक धोका लक्षात ठेवण्यासारखा आहे. रात्री अकराला लिहिलेला 'उद्या' चालकाने पहाटे पाचला उघडून वाचला, तर तो दिवस आज असतो. त्यामुळे 'उद्या'च्या शेजारी वार लिहावा. आकड्यांत ६:३० लिहिणेही बरे, कारण साडेसहा, पावणेसात हे शब्द ज्याला सवयीचे नाहीत असा चालक त्यांत अडखळू शकतो.

आता नाराजीबद्दल. 'येणे', 'फोन करणे' ही आज्ञेची रीत जुन्या पत्रव्यवहारात रूढ होती: 'उत्तर पाठवणे', 'वर्तमान कळवणे'. आजच्या वाचकाला मात्र ती कार्यालयीन हुकमासारखी लागते. 'दादा' म्हटल्याने ती मऊ होत नाही. घरातल्या दादाला आपण 'तू ये' म्हणतो आणि अनोळखी दादाला 'तुम्ही या', म्हणजे आदर संबोधनात नसून क्रियापदात आहे. 'कृपया' किंवा 'प्लीज' जोडूनही फारसे साधत नाही. 'कृपया लवकर येणे' हे अजूनही हुकमासारखेच ऐकू येते.

मग 'या' म्हणावे, 'यावे' म्हणावे की 'याल का'? 'यावे' हे निमंत्रणपत्रिकेत किंवा सूचनाफलकावर शोभते, चालकाला लिहिलेल्या दोन ओळींत ते अवघडल्यासारखे वाटते. 'याल का' सभ्य आहे, पण तो प्रश्न आहे, आणि प्रश्नाला उत्तर येईपर्यंत काहीच ठरत नाही. फेरी अजून ठरायची असेल तेव्हा तोच योग्य. ती ठरून गेली असताना विचारला, तर समोरच्याला वाटते की हिचे अजून नक्की नाही. 'येऊ शकाल का' तर त्याहून लांबचा, कारण त्यात चालकाच्या क्षमतेचीच चौकशी होते. माझे मत असे की ठरलेल्या फेरीसाठी साधे 'या' पुरेसे आदरार्थी आहे, कारण त्याचे अनेकवचनी रूप हाच मराठीतला आदर आहे.

मात्र 'या' लिहिल्यावर पूर्णविराम विसरू नका. 'येणे'च्या जागी नुसते 'या' घातले तर तुमचा मेसेज असा होतो: 'गेटला लवकर या दोन बॅगा आहेत'. आता 'या' म्हणजे येण्याची विनंती, की 'ह्या दोन बॅगा'? दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसतात. क्रियापद वाक्याच्या शेवटी आणि त्यानंतर टिंब, एवढ्याने हा प्रश्न मिटतो.

'पोहोचल्यावर फोन करणे' यात कोण पोहोचल्यावर, हे उघड नाही. 'पोहोचलात की' म्हटले की क्रियापदच 'तुम्ही' सांगते. हे सगळे जमेस धरून मी मेसेज असा लिहीन:

"नमस्कार दादा. उद्या, मंगळवारी, सकाळी ६:३० वाजता आमच्या सोसायटीच्या मागच्या गेटजवळ या. तेथून रेल्वे स्टेशनला जायचे आहे. माझ्याकडे दोन मोठ्या बॅगा आहेत. गेटजवळ पोहोचलात की फोन करा, मी लगेच खाली येते."

'मंगळवार' अर्थातच नमुन्यादाखल. 'रेल्वे' हा शब्दही मी जोडला आहे, कारण नुसते 'स्टेशन' म्हणजे बसचे की रेल्वेचे, हे तुम्हाला माहीत होते, त्यांना नव्हते. आणि तुमच्या गाडीची वेळ त्यांना कळवायची झाली, तर 'माझी गाडी सव्वासातची आहे' असे लिहू नका, 'माझी ट्रेन ७:१५ ची आहे' असे लिहा. चालकाच्या लेखी 'गाडी' म्हणजे तो स्वतः चालवतो ती.