कर्ज की पीएफ? आधी ताटं मोजा

"मुलीचं लग्न ठरलंय. खर्चाचा आकडा आमच्या आवाक्याबाहेर चाललाय. पर्सनल लोन घ्यावं की पीएफ काढावा? कशात कमी नुकसान आहे?" – ऐरोलीहून एक वडील

गेल्या वर्षी मे महिन्यात नौपाड्यातल्या माझ्या ऑफिसात वर्तकनगरचे एक काका-काकू आले होते. काका ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात सुपरवायझर. लग्न डिसेंबरमध्ये आणि त्यानंतर बरोबर दोन वर्षांनी काका निवृत्त होणार. खर्चाचा कागद त्यांनी आधीच तयार केला होता. हॉल आणि सजावट साडेतीन लाख, 900 रुपयांची 550 ताटं, सोनं साडेचार लाख, शिवाय कपडे, फोटो, मानपान. एकूण 17 लाख. पैसे कुठून येणार तेही ठरलं होतं: 4 लाखांची एफडी मोडायची, 5 लाख पीएफमधून काढायचे, 8 लाखांचं कर्ज घ्यायचं.

मी कर्जापासून सुरुवात केली. 12 टक्क्यांनी 5 वर्षांसाठी 8 लाख घेतले, तर हप्ता साधारण 17,800 रुपये येतो. आज पगारातून तो निघेल. पण निवृत्तीच्या दिवशी 24 हप्ते भरून झालेले असतील आणि तरी मुद्दल 5 लाख 35 हजारांच्या आसपास शिल्लक असेल. पगार बंद आणि हप्ते आणखी 3 वर्षं चालू. ते कुठून भरणार? पीएफमधूनच. म्हणजे 'कर्ज की पीएफ' असे दोन रस्ते त्यांच्यापुढे नव्हतेच. कर्ज घेतलं तरी पीएफच जाणार होता, वर व्याजही जाणार होतं.

पीएफमधून लग्नासाठी पैसे काढता येतात, ते परत भरावे लागत नाहीत, म्हणून हा पैसा फुकटचा वाटतो. पण 8.25 टक्के व्याजाने ते 5 लाख निवृत्तीपर्यंत 5 लाख 86 हजार झाले असते. ईपीएसची पेन्शन महिन्याला काही हजारच येणार. या घराची खरी पेन्शन म्हणजे तो पीएफ. काकू इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "मग आम्ही दोघांनी पुढे खायचं काय?" मग मी तो कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर नव्याने लिहायला घेतलं.

यादी खर्चापासून सुरू केली की ती फुगतच जाते. म्हणून पहिल्यांदा हात लावता येईल एवढाच पैसा लिहिला. एफडी खरं तर साडेसहा लाखांची होती. त्यातले 2 लाख दवाखान्यासाठी बाजूला ठेवले, उरले साडेचार. आरडीचे सव्वा लाख. डिसेंबरपर्यंतचे 7 महिने पगारातून 25 हजार बाजूला टाकले तर पावणेदोन लाख. मुलगी नोकरी करते. तिने स्वतःहून दीड लाख देऊ केले होते, पण काका "मुलीच्या पैशाने लग्न लावू का?" म्हणून अडून बसले होते. पुढच्या भेटीला ती स्वतः आली. "बाबा, तुमचा पीएफ संपला तर तुमचं मीच बघणार ना? मग आत्ताच घ्या," म्हणाली. काका मान्य झाले. बेरीज झाली 9 लाख. त्यातले 75 हजार ऐनवेळच्या खर्चासाठी राखून खर्चाची हद्द ठरली सव्वाआठ लाख.

17 वरून सव्वाआठवर यायचं तर इथेतिथे पाच-दहा हजार वाचवून भागत नाही. लग्नाच्या खर्चाचा कणा म्हणजे ताटांची संख्या. माणसं वाढली की हॉल मोठा लागतो आणि हॉल मोठा झाला की सजावटही वाढते. काकांच्या बाजूची यादी 310 नावांची होती. मी त्यांना एकच काम दिलं. प्रत्येक नावापुढे लिहायचं, गेल्या दोन वर्षांत तुम्ही त्यांच्या घरी गेलात का, किंवा ते तुमच्याकडे आले का? दोघं रात्री जेवणं झाल्यावर वही घेऊन बसायचे. तिसऱ्या आठवड्यात यादी 160 वर आली. कारखान्यातले आणि बिल्डिंगमधले बरेचसे लोक गळले, त्यांच्यासाठी लग्नानंतर घरी सत्यनारायण ठेवायचं ठरलं. चहा, प्रसादाचा शिरा, मुलगी-जावई समोर.

दुसरी गोष्ट याद्यांच्या बैठकीची. बऱ्याच घरांत हॉलचं टोकन आधी दिलं जातं आणि याद्या नंतर होतात. मग मुलीकडच्यांना बोलायला जागाच उरत नाही. काकांना मी आधी व्याह्यांकडे एकट्याने जायला सांगितलं. "आमच्याकडून सव्वाआठ लाखांपर्यंत होईल, त्यापुढे माझा पीएफ मोडावा लागेल," एवढंच सरळ बोला, म्हटलं. काकांना ते फार जड गेलं. दोनदा ठरवून गेले नाहीत, तिसऱ्यांदा गेले. व्याह्यांनी ऐकून घेतलं आणि ज्याची माणसं त्याने ताटांचे पैसे द्यायचे, हॉल-सजावट निम्मी-निम्मी, असं ठरलं. मुलाच्या काकांना संध्याकाळचं रिसेप्शन हवंच होतं, ते त्यांनी त्यांच्या खर्चाने केलं. सगळीकडे इतकं सहज जमत नाही. पण आकडा बैठकीआधी बोललेला असला तर निदान नंतर कर्ज काढून शब्द पाळायची वेळ येत नाही.

मुहूर्त बुधवारचा दुपारचा घेतल्यामुळे हॉल रविवारपेक्षा बराच स्वस्त पडला. केटरर मात्र हमीच्या ताटांवर घासाघीस करत होता. दोन्ही घरांची मिळून 280 ताटं. त्याचं म्हणणं, "350 ची हमी द्या, 750 चं ताट 700 ला देतो." ऐकायला फायद्याचं वाटतं. गुणाकार करून बघा: 350 ताटांचे होतात 2 लाख 45 हजार, 280 चे 2 लाख 10 हजार. हमी दिली की कोणी जेवो न जेवो, पैसे द्यावेच लागतात. आम्ही 280 वर ठाम राहिलो आणि जास्तीचं ताटही 750 लाच लागेल, हे त्याच्याकडून लिहून घेतलं. हॉलच्या पावतीवर जनरेटरचं डिझेल, साफसफाई आणि बाहेरचा डेकोरेटर आणल्यास द्यावी लागणारी रॉयल्टी हे वेगळे लावणार का, तेही टोकनआधी विचारलं. डिझेल वेगळं होतं.

सोन्यासाठी काकूंनी आपल्या दोन पाटल्या आणि एक जुनी चेन मोडीत दिली आणि वर 1 लाख 60 हजार घातले. त्या पाटल्या त्यांच्या आईच्या होत्या. सराफाच्या काट्यावर ठेवताना त्यांचा हात जरा रेंगाळला, असं मुलीने मला नंतर सांगितलं. इथे मी काही सल्ला दिला नव्हता. तो निर्णय पूर्णपणे काकूंचा.

लग्नाला 312 माणसं जेवली. जास्तीची 32 ताटं, डिझेल आणि ऐनवेळी लागलेली एक गाडी मिळून काकांच्या वाट्याला 41 हजार आले, ते राखलेल्या 75 हजारांतून गेले. उरलेले 34 हजार त्यांनी पुन्हा एफडीत टाकले. पीएफला हात लागला नाही.

एक मावसभाऊ मात्र बोलावणं नाही म्हणून रुसले. काका सत्यनारायणाच्या आदल्या दिवशी पेढे घेऊन कळव्याला त्यांच्या घरी गेले. त्यांनी पेढे घेतले, पूजेला मात्र आले नाहीत.