पहाटे साडेपाचचं प्रवेशपत्र

"ताई, काल संध्याकाळपासून प्रवेशपत्र निघतच नाहीये. नुसतं गोल फिरतं आणि पान बंद पडतं. माझा फॉर्मच रद्द झाला असेल का? पेपर चार दिवसांवर आलाय."

रात्री साडेदहाला ही मुलगी इंदूरच्या भंवरकुआँमधल्या होस्टेलवरून बोलत होती. मी एवढंच विचारलं, "पडद्यावर नेमकं काय लिहून येतं?" तिनं तीन फोटो पाठवले: `504 Gateway Time-out`, `Session expired` आणि `Invalid captcha`. तिन्हींत तिच्या अर्जाबद्दल अक्षरही नव्हतं. पहिल्याचा अर्थ, पोर्टलच्या मागे काम करणाऱ्या सर्व्हरनं वेळेत उत्तर दिलं नाही. तिसरा जास्त फसवा. कॅप्चाचं चित्र त्या वेळच्या लॉगिनशी बांधलेलं असतं. तेवढ्यात लॉगिनची मुदत संपली की बरोबर भरलेली अक्षरंही चूक ठरतात. अर्ज क्रमांक किंवा जन्मतारीख जुळत नाही असा संदेश आला असता, तर मात्र मी तिला फॉर्मची छापील प्रत काढून एकेक आकडा ताडायला सांगितलं असतं आणि तरीही जुळलं नसतं तर लगेच हेल्पलाइनला फोन करायला.

मग कळलं, तिच्या मोबाईलवर चार टॅब उघडे होते आणि घरून भाऊही त्याच क्रमांकानं प्रयत्न करत होता. बऱ्याच पोर्टलवर दुसरीकडे लॉगिन केलं की पहिलं तुटतं. बहीणभाऊ कालपासून एकमेकांना बाहेर ढकलत होते! रिफ्रेश दाबल्यानंही सगळं पहिल्यापासून सुरू होतं. म्हटलं, भावाला थांबव, सगळं बंद कर, झोप, आणि पहाटे साडेपाचला एकाच टॅबमध्ये बघ. प्रवेशपत्रं सुटल्यावर पहिल्या संध्याकाळी सगळे तुटून पडतात. पहाटे गर्दी ओसरलेली असते.

पहाटे दुसऱ्या खेपेला पान उघडलं. फाईल उतरली, पण उघडेना. आकार पाहायला सांगितला: ९ केबी. म्हणजे पीडीएफच्या नावाखाली त्रुटीचा संदेशच साठवला गेला होता. पुन्हा डाउनलोड केल्यावर ३४० केबीची आली, फोटोसकट.

छापायला दुकानात जाताना स्क्रीनशॉट नेऊ नकोस, बारकोड फिसकटतो, असं बजावलं. फाईल व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवायची. कागद A4, माप `Actual size`; कडा कापली जात असेल तरच `Fit`. टोनर वाचवणारा ड्राफ्ट मोड बंद, कारण त्यात चेहरा पुसट येतो आणि परीक्षा केंद्राच्या दारावर तोच तर ताडून बघतात. दुकानदार काटकसर म्हणून पाठपोट छापतात. तिच्या प्रवेशपत्राला स्वयंघोषणेचं वेगळं पान होतं, म्हणून एकाच बाजूनं छापायला सांगितलं. प्रती दोन.

दुपारी तिनं छापील प्रतीचा फोटो पाठवला. सगळं स्वच्छ होतं, फक्त पेन हातात घेऊन ती सही करायच्या बेतात होती. खालच्या चौकटीत लिहिलं होतं, सही पर्यवेक्षकासमोरच करावी. पेन खाली ठेवायला लावलं.