पेट स्कॅनच्या आधी सीईएचे जुने कागद काढा

प्रश्न: बाबांचं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन (सिग्मॉइड, तिसरी स्टेज) आणि केमो होऊन दीड वर्ष झालं. डॉक्टर नुसतं सीईए, म्हणजे रक्तातली कॅन्सरची खूण मोजणारी तपासणी, आणि सीटी सांगतात. दर सहा महिन्यांनी पेट स्कॅन करून घेतलेला जास्त सुरक्षित नाही का?

नाही. तुमचे डॉक्टर कंजूषपणा करत नाहीयेत.

‘एकदा पेट करून टाका, जीव शांत होईल’ हे वाक्य फॉलो-अपच्या ओपीडीत रोज कानावर पडतं, आणि दुर्दैवाने कधीकधी डॉक्टरांच्याच तोंडून. त्याने नेमकं काय होतं, ते एका पेशंटच्या फाइलवरून सांगतो. साठीचे गृहस्थ, मधुमेह, तुमच्या बाबांसारखंच सिग्मॉइड, तिसरी स्टेज. ऑपरेशनआधी सीईए 14, ऑपरेशननंतर सहा आठवड्यांनी 1.9. हा 1.9 जपून ठेवायचा आकडा, कारण पुढची सगळी तुलना त्याच्याशी होते. केमो चालू असताना तो 4.8 झाला आणि घरात रडारड झाली. केमोच्या औषधांनी लिव्हरला त्रास होतो तेव्हा सीईए थोडा चढतो आणि केमो संपल्यावर आपोआप उतरतो. इथेही 2.0 वर आला. बाराव्या महिन्यात 2.0, सीटी स्वच्छ, कोलोनोस्कोपी स्वच्छ.

पंधराव्या महिन्यात आला 3.4. रिपोर्टवर ‘5 पर्यंत नॉर्मल’ असं छापलेलं होतं, आकडा ठळक नव्हता, म्हणून कोणी थांबून पाहिलं नाही. खरं तर थांबायची जागा हीच होती. छापील मर्यादा सगळ्या जगासाठी असते. या माणसाची पातळी केमोचा काळ सोडला तर वर्षभर 2 च्या आसपास स्थिर होती. स्वतःच्या पातळीच्या दीडपट गेलेला आकडा मर्यादेच्या आत असला, तरी महिनाभराने त्याच लॅबमध्ये पुन्हा करायचा असतो. दुसऱ्यांदाही चढलेला निघाला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता सीटी.

त्यांच्या मुलाने तपासणी पुन्हा केली, पण सवलत मिळाली म्हणून दुसऱ्या लॅबमध्ये. 2.6 आला. ‘उतरला’ म्हणून सगळे खूश. तो उतरला नव्हता, मोजमापाची पट्टी बदलली होती. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकाच रक्तातला सीईए वेगवेगळा दाखवतात. रिपोर्टवर तपासणीची पद्धत बारीक अक्षरात लिहिलेली असते (ECLIA, CMIA वगैरे), ती वाचा. पद्धत बदलली की त्या आकड्याची जुन्या आकड्यांशी तुलना करायची नाही. पद्धतीचं नाव सारखं असून यंत्र वेगळं असेल तरीही सावध राहा. म्हणून पाच वर्षं एकच लॅब धरा. शंभर-दोनशे रुपये वाचवायची ही जागा नव्हे.

मग कुणीतरी सल्ला दिला आणि सोळाव्या महिन्यात पेट झाला. रिपोर्ट आला: आतडं लांबच लांब ‘चमकतंय’, आणि ऑपरेशनमध्ये आतडं जोडलं त्या जोडाच्या जागी जरा जास्तच. घाबरगुंडी, पुन्हा कोलोनोस्कोपी, बायोप्सी, ती नॉर्मल. यात महिना गेला. आतडं चमकलं ते मेटफॉर्मिनमुळे. या गोळीने आतड्याचं अस्तर साखर जास्त ओढतं, आणि पेट तर साखरच दाखवतो. म्हणून पेटच्या आधी साधारण दोन दिवस ती गोळी, डॉक्टरांना विचारूनच, बंद ठेवतात. इथे कुणी सांगितलंच नव्हतं. लिव्हरबद्दल मात्र रिपोर्टमध्ये अवाक्षर नव्हतं.

अठराव्या महिन्यात पुन्हा जुनी लॅब: 5.9. आता कॉन्ट्रास्टचा सीटी झाला आणि लिव्हरच्या उजव्या भागात 1.3 सेंटीमीटरची गाठ दिसली. पेटच्या वेळी ती जेमतेम सेंटीमीटरभर असणार. लिव्हर स्वतःच साखर घेतं, त्यामुळे तिथे पार्श्वभूमी उजळलेली असते. त्यात श्वासाबरोबर ते हलतं. एवढी छोटी गाठ त्या उजेडात बुडून जाते. म्यूसिनस, म्हणजे चिकट स्राव भरलेल्या प्रकारचा कॅन्सर असेल तर मोठी गाठही फिकीच दिसते.

सीटी वेगळ्या तत्त्वावर चालतो. शिरेत कॉन्ट्रास्ट सोडल्यावर सुमारे 70 सेकंदांनी पोर्टल शिरेतून ते लिव्हरमध्ये भरतं, लिव्हर उजळतं, आणि आतड्याच्या कॅन्सरची गाठ काळपट डाग म्हणून उठून दिसते. म्हणून चिठ्ठीवर ‘छाती, पोट, ओटीपोट, कॉन्ट्रास्टसह’ असं आहे ना ते पाहा, आणि आधी किडनीसाठी रक्तातलं क्रिएटिनिन करून घ्या. बिनकॉन्ट्रास्टचा सीटी लिव्हरसाठी जवळजवळ वाया. बऱ्याच ठिकाणी पेटसोबतचा सीटीही असाच साधा काढलेला असतो, हे ‘पेटमध्ये सीटी आलाच की’ म्हणणाऱ्यांना ठाऊक नसतं.

मग पेटचा उपयोग कधी? सीईए दोनदा चढलेला आहे आणि सीटीत काही सापडत नाही, तेव्हा. किंवा लिव्हरची गाठ काढायच्या आधी दुसरीकडे कुठे काही नाही ना, हे बघायला. या गृहस्थांना पेट खरा लागला तो आता. बाकी सगळं स्वच्छ निघालं, एमआरआयने लिव्हरमध्ये दुसरी गाठ नाही हे पक्कं केलं आणि लिव्हरचा तो तुकडा काढला. सहा आठवड्यांनी सीईए 1.8.

तुमच्या बाबांचं वेळापत्रक साधारण असं असायला हवं: सीईए पहिली दोन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी, नंतर पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी. सीटी सहा ते बारा महिन्यांनी. कोलोनोस्कोपी ऑपरेशननंतर वर्षाने, स्वच्छ असेल तर पुढची तीन वर्षांनी, मग पाच वर्षांनी. कोलोनोस्कोपी मुख्यतः नवे पॉलिप शोधायला असते. आजार उलटला तर तो बहुधा लिव्हरमध्ये किंवा फुप्फुसात दिसतो, आणि तिथे दुर्बीण पोहोचत नाही. बहुतेक वेळा उलटतो तो पहिल्या दोन-तीन वर्षांत, म्हणून सुरुवातीला तारखा दाट.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. सीईए धूम्रपानानेही वर राहतो, कावीळ, पित्तनलिकेची सूज किंवा लिव्हरच्या आजारानेही चढतो. तेव्हा एका आकड्यावर कुणालाही केमो सुरू करू देऊ नका. उलट काहींचा कॅन्सर सीईए बनवतच नाही. ऑपरेशनआधीचा आकडाच नॉर्मल असेल, तर सीटीवर जास्त भिस्त. आणि गुदाशयाचा कॅन्सर असता तर ओटीपोटाकडे वेगळं लक्ष द्यावं लागलं असतं.

शिवाय जास्त तपासण्या म्हणजे जास्त आयुष्य, असंही सरळ गणित नाही. ब्रिटनमधल्या एफएसीएस अभ्यासात (2014) नियमित सीईए किंवा सीटी केलेल्यांपैकी सुमारे 7 ते 8 टक्के लोकांची उलटलेली गाठ पूर्ण बरं करण्याच्या हेतूने ऑपरेशन करता आली. फक्त त्रास झाल्यावर तपासलेल्यांत हे प्रमाण 2.3 टक्के होतं. सीईए आणि सीटी दोन्ही करून एकापेक्षा फारसं जास्त हाती लागलं नाही, आणि एकूण मृत्यूंतही ठळक फरक दिसला नाही. 2018 मध्ये आलेल्या कोलोफोल अभ्यासात दाट तारखा आणि विरळ तारखा यांचा पाच वर्षांचा निकाल जवळपास सारखाच निघाला. माझ्या एका सहकाऱ्याशी यावरून वर्षानुवर्षं वाद आहे. तो म्हणतो, मग पेट करून बिघडलं काय? वरच्या फाइलमध्ये जोडाच्या मागे धावण्यात गेलेला महिना बिघडला.

आज एवढं करा: ऑपरेशनपासूनचे सगळे सीईए एका कागदावर तारीख, आकडा, लॅब आणि पद्धत अशा चार रकान्यांत लिहा आणि पुढच्या भेटीला तो कागद डॉक्टरांसमोर ठेवा.