‘येतो’ म्हणावं की ‘जातो’: ऐकणाऱ्याच्या जागेचा हिशोब

प्रश्न: मी जपानी शिकतो आहे. फोनवर मित्राला ‘आत्ता तुझ्याकडे येतो’ असं सांगायचं तर आमच्या शिक्षिका तिथे ‘जाणे’ वापरायला लावतात, ‘येणे’ चूक म्हणतात. मराठीत मात्र ‘तुझ्याकडे जातो’ कानाला अगदी विचित्र लागतं. यामागे काही नियम आहे का? आणि ‘आणणे-नेणे’ला तोच लागू पडतो का?

नियम आहे, आणि तुमचा कान तो बिनचूक पाळतो आहे. ‘येणे’ म्हणजे इथे पोचणे, एवढं बऱ्याच भाषांना मान्य असतं. पण ‘इथे’ म्हणजे कोणाचं इथे? प्रमाण जपानीत ते फक्त बोलणाऱ्याचं असतं. मराठीत ते बोलणाऱ्याचंही असतं आणि ऐकणाऱ्याचंही. म्हणून तुम्ही मित्राकडे निघालात की मराठीच्या हिशोबाने तुमचा प्रवास एका ‘इथे’कडे चालला आहे, तर जपानीच्या हिशोबाने तो तुमच्यापासून दूर चालला आहे. जपानी माणूस त्यामुळे ‘इमा इकिमासु’ म्हणतो, शब्दशः ‘आत्ता जातो’.

यातून मराठीत एक मजेशीर गोष्ट घडते. बोलणारा आणि ऐकणारा दोन ठिकाणी असतील, तर त्या दोघांमधला प्रवास कोणत्याही दिशेने होवो, क्रियापद ‘येणे’च राहतं. ‘तू इकडे ये’ आणि ‘मी तिकडे येतो’, दोन्ही बरोबर. प्रवास करणारा तिसराच कोणी असला तरी तेच: ‘भाऊ तुझ्याकडे येईल’. ‘जाणे’ उरतं ते दोघांपैकी कोणीही नसलेल्या जागेसाठी.

हे पारखायला सोपी जागा म्हणजे डॉक्टरांच्या खोलीचं दार. बाहेर बसलेल्या मदतनिसाला तुम्ही विचारता, ‘आत जाऊ का?’ मग दार किंचित उघडून डॉक्टरांना विचारता, ‘आत येऊ का?’ पाऊल तेच, उंबरठा तोच आणि तुम्हीही अजून बाहेरच उभे आहात. बदलला आहे तो फक्त ऐकणारा. मदतनीस बाहेर आहे म्हणून ‘जाऊ’, डॉक्टर आत आहेत म्हणून ‘येऊ’. उलट करून पाहा. डॉक्टरांना ‘आत जाऊ का?’ असं विचारलं, तर ते खोलीत आणखी कुठलं आतलं दार आहे का ते बघायला लागतील.

आता ‘आणणे-नेणे’. नियम तोच, आणि इथे मराठी किती काटेकोर आहे ते जास्त स्पष्ट दिसतं. समजा, बहीण स्टेशनवर उतरली आहे आणि तुम्ही तिला घरी घेऊन येणार आहात. फोनवर तिला तुम्ही म्हणता, ‘मी तुला न्यायला येतो.’ फोन ठेवून घरातल्यांना म्हणता, ‘मी तिला आणायला जातो.’ एकच कृती, एकच रस्ता, दोन वाक्यांमध्ये जेमतेम काही सेकंद. तरी दोन्ही क्रियापदं उलटी झाली. बहिणीशी बोलताना स्टेशन हे ‘इथे’ झालं. त्यामुळे तुम्ही तिथे ‘येता’ आणि तिथून तिला ‘नेता’. घरातल्यांशी बोलताना घर हे ‘इथे’, म्हणून तुम्ही ‘जाता’ आणि तिला ‘आणता’. मराठी बोलणारं लहान मूलसुद्धा ही उलटापालट न अडखळता करतं, आणि कोणी त्याला ती शिकवलेली नसते. मला हे दर वेळी विलक्षण वाटतं.

जपानीत या दोन्ही वाक्यांना एकच क्रियापद चालतं: ‘मुकाए नी इकु’, म्हणजे घ्यायला जाणे. ऐकणारी बहीण असो की आई, बोलणारा स्वतःची जागा सोडत नाही. वस्तू न्यायची-आणायची असेल तर जपानीत ‘मोत्ते इकु’ (घेऊन जाणे) आणि ‘मोत्ते कुरु’ (घेऊन येणे) ही जोडी आहे. आपल्या ‘घेऊन जाणे, घेऊन येणे’शी तिची बांधणी तंतोतंत जुळते, आणि नेमकी तिथेच मराठी विद्यार्थ्याची फसगत होते. मित्राला ‘उद्या तुझं पुस्तक घेऊन येतो’ असं सांगताना हात आपसूक ‘मोत्ते कुरु’कडे जातो. पाहिजे असतं ‘मोत्ते इकु’.

मराठीत ही चूक उलट्या दिशेने केली तर काय होईल, तेही पाहण्यासारखं आहे. फोनवर कोणी म्हणालं, ‘उद्या मी तुझं पुस्तक नेतो’, तर ऐकणारा समजेल की पुस्तक त्याच्याकडेच आहे आणि हा ते घेऊन जाणार. म्हणजे वाक्य नुसतं विचित्र होत नाही, त्याचा अर्थच उलटतो. पुस्तक परत करायचं असेल तर ‘आणून देतो’ म्हणावं लागतं. तेच पुस्तक तिसऱ्याला द्यायचं असेल तर ‘त्याला नेऊन देतो’. ‘आणून देणे’ आणि ‘नेऊन देणे’ यांतून देणारा कोणाशी बोलतो आहे ते लगेच कळतं. माझ्या मते नवशिक्याला मराठीतली ही सगळी भानगड समजवायची तर याहून चांगली जोडी नाही.

‘आणणे’ आणि ‘नेणे’ यांचं मूळ संस्कृत ‘नी’ या धातूत आहे. ‘नयति’वरून ‘नेणे’, आणि त्याला ‘आ’ हा उपसर्ग लागून झालेल्या ‘आनयति’वरून ‘आणणे’. ‘गेला’ आणि ‘आला’ यांचंही तसंच: ‘गत’ आणि ‘आगत’. ‘आणणे’ आणि ‘आला’ यांच्या सुरुवातीचा ‘आ’ हा इकडे वळवणारा उपसर्ग आहे. आज तो वेगळा जाणवत नाही, पण काम तेच करतो.

हा दोन भाषाकुळांमधला फरक आहे असं मात्र समजू नका. स्पॅनिश आणि इटालियन या सख्ख्या बहिणी, दोघींचं ‘येणे’ लॅटिनमधल्या ‘वेनीरे’वरून आलेलं. हाक मारली तर इटालियन माणूस ‘वेंगो’ म्हणजे ‘येतो’ म्हणतो, आणि स्पॅनिश माणूस ‘बोय’ म्हणजे ‘जातो’. शब्द एकाच घरातला, कुंपण मात्र वेगवेगळ्या ठिकाणी घातलेलं. खुद्द जपानमध्येही क्यूशूच्या बोलींत ऐकणाऱ्याकडे जाताना ‘कुरु’ म्हणजे ‘येणे’ वापरतात. म्हणजे तुमचं मराठी वळणाचं जपानी तिथे घरच्यासारखं वाटेल. परीक्षेत अर्थात प्रमाण भाषाच लिहा.

चार्ल्स फिल्मोर या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने 1971 मध्ये दिलेल्या व्याख्यानांत इंग्रजीतल्या ‘येणे-जाणे’ची बारीक चिरफाड केली होती. त्यातला एक मुद्दा मराठीलाही लागू पडतो: माणूस प्रत्यक्ष जिथे आहे ती जागा मोजायची की त्याची हक्काची जागा, म्हणजे घर वगैरे? ‘काल मी तुझ्या घरी आलो होतो, तू नव्हतास.’ हे वाक्य आपल्याला खटकत नाही, जरी तो माणूस तेव्हाही तिथे नव्हता आणि आत्ताही नसेल. पण ‘तू बाहेरगावी गेलास की मी तुझ्या घरी जाऊन झाडांना पाणी घालीन’, इथे ‘येऊन’ म्हटलं तर काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. पहिल्या वाक्यात भेटायच्या ओढीने निघालेला प्रवास आहे, तो माणूस भेटला नाही एवढंच. दुसऱ्यात माणूस नसणार हे आधीच ठाऊक आहे, उरलं आहे फक्त घर. म्हणून ‘तुझ्या घरी’ला दोन्ही क्रियापदं जुळतात, आणि ‘तुझ्याकडे’ला सहसा ‘येणे’च लागतं, कारण ‘तुझ्याकडे’मध्ये मुक्काम म्हणजे साक्षात तू.

याच्या कडेला एक वाक्य ठेवतो: ‘येतो म्हणालो आणि गेलोच नाही.’ हे आपण तिसऱ्याला सांगतो. ज्याला वचन दिलं होतं त्यालाच सांगायचं झालं, तर ‘येतो म्हणालो आणि आलोच नाही’. पहिल्या वाक्यातला ‘येतो’ त्या जुन्या संभाषणातला आहे, आणि ‘गेलोच नाही’ आत्ताच्या. न झालेल्या एकाच प्रवासाला दोन क्रियापदं मिळाली, कारण ऐकणारे दोन होते.

निरोप घेतानाचा ‘येतो’ या हिशोबाबाहेरचा वाटतो, कारण माणूस तर ऐकणाऱ्यापासून दूर निघालेला असतो. पण ते ‘जाऊन येतो’चं आखूड रूप मानलं की कोडं सुटतं. बोलणं परतीच्या प्रवासाबद्दल चाललेलं असतं, आणि तो ‘इथे’च संपणार असतो. जपानीतही घरातून निघताना ‘इत्ते किमासु’ म्हणतात, अक्षरशः ‘जाऊन येतो’. इथे दोन्ही भाषांचं एकमत आहे, कारण परत यायचं ते बोलणाऱ्याच्याच घरी.

सोबतीच्या प्रवासात मात्र पुन्हा फाटा फुटतो. ‘मी प्रदर्शनाला चाललोय, तू येतोस का?’ दोघंही अजून तिथे नाहीत, तरी मराठीत ‘येतोस’, कारण मी जिथे असेन तीही माझी जागा ठरते. ‘तू जातोस का?’ असं विचारलं तर मी बरोबर नाही असा अर्थ होईल. जपानीत बरोबर चलण्याचं आमंत्रण ‘इश्शो नी इकिमासेन का’, म्हणजे ‘एकत्र जायचं का’ असं देतात. पण कार्यक्रम तुमचाच असेल आणि तुम्ही तिथे असणार असाल, तर ‘किमासु का’, म्हणजे ‘येणार का’, असं विचारता येतं. तेव्हा जपानी ‘इथे’ अगदीच जमिनीला खिळलेलं नाही. ते बोलणाऱ्याबरोबर पुढच्या वेळेत सरकतं, फक्त ऐकणाऱ्याच्या पायाशी जाऊन उभं राहत नाही.

एका जागी मात्र तुम्हाला मराठीवर डोळे मिटून विसंबता येईल, ती म्हणजे काळ. ‘वाढत आलं आहे’ आणि ‘वाढत जाईल’ यांतला फरक आपल्याला सांगावा लागत नाही: पहिलं मागून आत्तापर्यंत पोचलेलं, दुसरं आत्तापासून पुढे निघालेलं. जपानीत त्यासाठी ‘फुएते किता’ आणि ‘फुएते इकु’ आहे, पहिल्यात येणे आणि दुसऱ्यात जाणे, थेट आपल्यासारखंच. जागा बोलणाऱ्याची आणि ऐकणाऱ्याची वेगळी असू शकते, म्हणून तिथे भाषांना निवड करावी लागते. समोरासमोर किंवा फोनवर बोलणाऱ्या दोघांचा ‘आत्ता’ मात्र एकच असतो, त्यामुळे तिथे निवडीचा प्रश्नच येत नाही.