जाड भिंगामागचे डोळे जुन्या फोटोत बसवताना

"आजोबांचा लग्नातला ग्रुप फोटो ओलीनं खराब झाला, डोळे-नाकच गेलं. त्यात त्यांना काळी मिशी, डोक्यावर टोपी, चष्मा नाही. दुसरा फोटो एकच आहे, त्यात जाड चष्मा, पांढरी दाढी, टोपी नाही. चष्मा काढून चेहरा बसवला तर डोळे बटाट्यासारखे दिसतात. काय चुकतंय?"

भाऊ, चष्मा काढताना तुम्ही फक्त फ्रेम काढली, भिंगानं केलेला फरक तसाच राहिला. पूर्वी मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये डोळ्यात भिंग बसवत नसत, म्हणून आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना नंतर साधारण दहा नंबरचा प्लसचा चष्मा लागायचा. त्यातून डोळा पाव ते तिसरा हिस्सा मोठा दिसतो.

आधी भिंग कोणतं ते ओळखा. भिंगाच्या बाहेरच्या कडेला कानशिलाची किंवा गालाची रेष कशी तुटते ते पाहा. भिंगातली रेष नाकाकडे आत सरकली असेल तर मायनसचा चष्मा, म्हणजे डोळा मुळात दिसतो त्याहून मोठा आहे. रेष बाहेर सरकली असेल किंवा गाल भिंगाबाहेरच गेला असेल तर प्लस. तुमच्या वर्णनावरून हा प्लसच आहे.

दारव्हा तालुक्यातल्या एका घरचं असंच काम मागच्या पोळ्यानंतर माझ्या स्टुडिओत आलं होतं. लग्नाचा फोटो १९८९ चा, चष्म्याचा १९९६ चा. भिंगाच्या मध्यापासून कानशिलाची सरकलेली रेष १३४ पिक्सेलवर होती. भिंगाबाहेरची रेष वरून खाली सरळ ओढली तर ती १०० वर यायला हवी होती. म्हणजे १.३४ पट. पण कानशील डोळ्यापेक्षा भिंगापासून लांब असतं, म्हणून ते जास्त सरकतं. डोळ्यासाठी मी १.२५ धरलं, म्हणजे डोळा ८० टक्क्यांवर आणायचा.

डोळे दोन्ही मिळून एकदम लहान करू नका. प्रत्येक भिंग आपल्या मध्याभोवती मोठं करतं. म्हणून फोटोशॉपमध्ये डावा वेगळा, उजवा वेगळा लेयर करा, Ctrl+T मध्ये मधला बिंदू त्या भिंगाच्या मध्यावर ठेवा आणि मग ८० टक्के करा. डोळा आत आला की पापणी आणि भुवईमध्ये रिकामी पट्टी राहते. ती गालाच्या कातडीनं भरू नका, गालाचा पोत जाड असतो. पापणीचीच कातडी वर ओढून भरा. भुवई भिंगाबाहेर असेल तर तिला हात लावू नका. फ्रेमची सावली आणि नाकावरचे दोन खड्डेही काढा, १९८९ मध्ये ते नव्हतेच.

दाढीचं सोपं आहे, कारण दाढी घ्यायचीच नाही. जोड केसातून गेला की उघडा पडतो, म्हणून जोड कातडीवर ठेवा. लग्नाच्या फोटोतली मिशी, हनुवटी, कान, टोपी शाबूत आहे ना? मग दुसऱ्या फोटोतून फक्त भुवयांपासून नाकपुड्यांपर्यंतचा भाग घ्या. मास्क गालावरून, नाकाशेजारच्या घडीतून, मिशीच्या वरून फिरवा. टोपीची सावली भुवयांपर्यंत उतरत असेल तर ती नव्या तुकड्यावरही Multiply लेयरवर मंद रंगवा, नाही तर टोपी तरंगल्यासारखी दिसते. शेवटी जुन्या प्रिंटचा दाणा नव्या तुकड्यावर द्या, पण तो त्याच फोटोच्या मांडवाच्या कापडाजवळच्या भागाशी जुळवा.

दारव्ह्याच्या त्या घरी मी पहिल्यांदा ८० टक्क्यांवर प्रिंट काढून नेला. आजीनं हातात घेऊन लांब धरला आणि म्हणाली, "हे तं त्यायचेच डोळे, पन थकलेले वाटून राह्यले." ती सात वर्षांची म्हातारपणाची सूज होती, माप नव्हतं. डोळ्याखालची पिशवी अर्ध्या अपारदर्शकतेवर हलकी केली, तेव्हा तिनं तो फोटो पदरानं पुसला आणि आत नेला.

एक मर्यादा मात्र आहे. तुमच्या लग्नाच्या फोटोत जबडाही गेला असेल तर दाढीखालचा जबडा कोणालाच माहीत नसतो. मुलाचा किंवा भावाचा जबडा लावता येतो, पण तो अंदाज आहे हे घरच्यांना आधी सांगा आणि त्यांच्याकडून होकार घ्या. डोक्याचा कोन दोन्ही फोटोत खूप वेगळा असेल, एक समोरून आणि एक तिरपा, तर भिंगाचं हे मापही चालणार नाही.

तुमचा चष्म्याचा फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करा. कानशिलाची रेष मोजून आकडा इथं टाका, डोळा किती टक्क्यांवर आणायचा ते मी पाहून सांगतो.