पावसाळ्यात प्रोटीन पावडरच्या गुठळ्या होतात, कशी साठवावी?

प्रश्न: मी रत्नागिरीत राहतो. जूनमध्ये व्हे प्रोटीनचा २ किलोचा डबा घेतला, जुलै संपेपर्यंत त्यात गुठळ्या झाल्या. डबा फ्रिजमध्ये ठेवू का? आई म्हणते, तांदळाची पुरचुंडी टाक. आणि गुठळ्या झालेली पावडर खाल्ली तर चालेल का?

उत्तर:

फ्रिज नको, तांदूळही नको. गुठळ्या कोणत्या प्रकारच्या आहेत त्यावर खायचं की टाकायचं ते ठरेल, त्याकडे शेवटी येतो. मी दूध पावडरच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला काम करतो आणि व्हे पावडर ही तिचीच चुलत बहीण आहे, त्यामुळे हा त्रास रोजच्या ओळखीचा.

गुठळी होते ती मुख्यतः दुधातल्या साखरेमुळे, म्हणजे लॅक्टोजमुळे. फवारून वाळवलेल्या पावडरीत हे लॅक्टोज काचेसारख्या कडक अवस्थेत असतं. त्याने हवेतली ओल ओढली की ते चिकट होतं आणि शेजारचे कण एकमेकांना धरतात. पुढे त्याचे स्फटिक होऊ लागतात, तेव्हा ओढलेलं पाणी ते पुन्हा सोडतं आणि ती ओल आजूबाजूच्या पावडरीला लागते. म्हणून एका कोपऱ्यातली गुठळी तेवढ्यावर थांबत नाही. आयसोलेटमध्ये लॅक्टोज नावापुरतं असतं. कॉन्सन्ट्रेटमध्ये ते बऱ्यापैकी असतं आणि स्निग्धांशही जास्त असतो. साखर किंवा माल्टोडेक्स्ट्रिन घातलेला मास गेनर तर सगळ्यात आधी सादळतो.

आता ओल येते कुठून? बहुतेकांना वाटतं, डबा रोज उघडल्यामुळे. थोडा हिशेब करून बघू. ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता हे तुमच्याकडचं जुलैचं नेहमीचं चित्र. अशा एक घनमीटर हवेत साधारण २६ ग्रॅम पाणी असतं. तुमच्या डब्यात पावडरीच्या वर २ लिटर मोकळी जागा असेल आणि झाकण काढल्यावर तिथली सगळी हवा बदलली असं धरलं, तरी आत जातं सुमारे ५० मिलिग्रॅम पाणी. म्हणजे एक थेंब. खाली उरलेल्या किलोभर पावडरीत मुळातच ४०-५० ग्रॅम ओलावा असतो, तिला या थेंबाने फारसं काही होत नाही.

उलट शेकर विसळताना हातातला स्कूपही विसळला, झटकला आणि तसाच डब्यात टाकला, तर त्याच्यासोबत दहा-पंधरा थेंब जातात, तेही एकाच जागी. बहुतेक गुठळ्यांचं मूळ हेच असतं. तुमची गुठळी फोडून पाहा. आत घट्ट, पिवळसर गाभा असेल आणि बाहेरच्या बाजूला ती भुसभुशीत होत गेली असेल, तर तिथे पाणी पडलं होतं. स्कूप डब्यात ठेवूच नका. तो बाहेर कोरडा राहू द्या, किंवा चहा-साखरेला असतो तसा स्टीलचा कोरडा चमचा वेगळा ठेवा. आणि पावडर काढायची ती गॅसवर काही उकळत नसताना, ओट्यापासून लांब.

दुसरा चोर म्हणजे सैल झाकण. डबा उघडण्याचं काम काही सेकंदांचं असतं, पण फट दिवसरात्र चालू असते. आपला नेहमीचा स्टीलचा डबा झाकण दाबून घट्ट बसवला तरी हवाबंद नसतो. तपासायचं असेल तर डबा रिकामा करून त्यात मूठभर कुरकुरीत कुरमुरे टाका, झाकण लावा आणि दोन दिवसांनी खाऊन बघा. सादळले असतील तर त्या डब्यात पावडर ठेवण्यात अर्थ नाही. रबरी कडा आणि क्लिपा असलेली काचेची बरणी सहसा या परीक्षेत पास होते. पावडर अॅल्युमिनियमचा थर असलेल्या जाड पाऊचमधून आली असेल तर तिला पाऊचमध्येच राहू द्या, कारण त्या थरातून ओल जवळपास जात नाही. फक्त झिपच्या खाचेत अडकलेली पावडर कोरड्या कपड्याने पुसत जा, नाहीतर झिप लागल्यासारखी वाटते आणि लागलेली नसते.

फ्रिजचं म्हणाल तर आत पावडर थंड आणि कोरडीच राहते. घोळ होतो बाहेर काढल्यावर. मघाच्या हवेचा दवबिंदू २७ अंशांच्या आसपास येतो, म्हणजे त्याहून थंड असलेल्या कशावरही पाणी धरतं. ५ अंशांवरचा डबा स्वयंपाकघरात उघडलात तर पावडरीवर, डब्याच्या आतल्या बाजूला, स्कूपवर, सगळीकडे दव. एसी खोलीतल्या डब्याचंही तेच: २४ अंशांवरून आणून लगेच उघडलात तर त्यावरही दव धरणार. हे बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. डबा जिथे ठेवता तिथेच उघडा, किंवा बंद डबा तास-दोन तास बाहेर ठेवून मगच झाकण काढा.

आईंना सांगा, मिठात तांदूळ टाकणं वेगळं. तांदळातच १२-१३ टक्के ओलावा असतो आणि पावडरीत ४-५. शेजारी ठेवले तर पाणी तांदळाकडून पावडरीकडे जाणार. वर पोरकिडे आले तर तो उपद्रव निराळाच. डब्यासोबत येणारी सिलिका जेलची २ ग्रॅमची पुडीही पावसाळ्यात लवकरच भरून जाते. ठेवायचंच असेल तर ओल धरल्यावर नारंगीचं हिरवं होणारं सिलिका जेल घ्या, ५० ग्रॅमभर, जाळीच्या बंद पिशवीतलं. निळ्या रंगाचं नको, त्यात कोबाल्टचा क्षार असतो.

२ किलो पावडर घेतलीच असेल तर आल्या दिवशी वाटून टाका. दीड किलोचे तीन भाग करून कोरड्या, कडकडीत बंद होणाऱ्या बरण्यांत भरा आणि अंधाऱ्या कपाटात ठेवा. उरलेला अर्धा किलो रोजच्या वापराला. तो संपला की पुढची बरणी. हे काम एसी खोलीत केलं तर उत्तम, मात्र डबा आधी दोन-तीन तास तिथेच बंद ठेवलेला हवा. जून ते सप्टेंबर मुळात १ किलोचंच पॅक घ्यावं असं माझं मत आहे. मोठ्या डब्यात वाचलेले पैसे असेच गुठळ्यांत जातात.

आता तुमची पावडर. बोटांनी चिमटीत धरताच फुटणारी, रंग-वास नेहमीचा असलेली गुठळी दाबामुळे किंवा किंचित ओलीमुळे झालेली असते. चाळून घ्या आणि आधी ती संपवा. दगडासारखी कडक झालेली आणि पिवळट-तपकिरी दिसणारी असेल, तर लॅक्टोज आणि प्रथिनातलं लायसिन यांची प्रक्रिया झालेली आहे. त्यातलं काही लायसिन शरीराला मिळत नाही, चवही कडवट होते. म्हणजे ज्यासाठी पैसे मोजले तेच कमी झालं. खवट वास आला तर स्निग्धांश बिघडलाय. कुबट वास, करडे-हिरवे ठिपके किंवा जाळी दिसली तर अख्खा डबा फेका, वरचा थर काढून खालची पावडर वापरू नका. आणि सादळलेली पावडर उन्हात वाळत घालू नका: पिवळेपणा आणणारी ती प्रक्रिया उष्णतेने आणखी वेग घेते.