इनामाच्या जुन्या उताऱ्यातली जुडी आणि नुकसान

प्रश्न: करवीर तालुक्यात पणजोबांच्या नावचा इनाम जमिनीचा मोडी उतारा सापडलाय. परदेशातल्या भावाला वाचता यावा म्हणून इंग्रजीत करायचाय. आकार, जुडी, नुकसान हे कसं लिहायचं?

आधी मोडीचं देवनागरी लिप्यंतर जाणकाराकडून करून घ्या, मगच इंग्रजीला हात लावा. दोन्ही एकदम केलं की चूक वाचण्यात झाली की अर्थात, ते नंतर सापडत नाही.

समजा उताऱ्यात असं आहे: आकार ७॥, जुडी २।, नुकसान ५।. या उभ्या रेघा म्हणजे पूर्णविराम नव्हेत आणि अकराचा आकडाही नव्हे. एक रेघ पाव, दोन रेघा अर्धा. म्हणजे साडेसात, सव्वादोन आणि सव्वापाच रुपये. रुपयाचे सोळा आणे, म्हणून इंग्रजीतही सात रुपये आठ आणे असंच लिहा. दशांशात घातलं की मूळ कागदाशी ताळा करणाऱ्याचा गोंधळ होतो.

आकार म्हणजे त्या जमिनीवर बसवलेला पूर्ण सारा, असेसमेंट. इनामदार तो सगळा भरत नसे, त्यातला जेवढा भरायचा ती जुडी. उरलेला सरकारनं सोडून दिला, तो सरकारच्या बाजूनं तोटा, म्हणून नुकसान. इथं ‘लॉस’ लिहिलंत तर तुमच्या भावाला वाटेल त्या साली पीक बुडालं. आणि जुडीला नुसतं ‘रेंट’ म्हटलंत तर पणजोबा इनामदाराचे कूळ होऊन बसतात! जुन्या इंग्रजी महसुली कागदांत यासाठी ‘क्विट-रेंट’ येतं, ते चालेल. मी स्वतः मूळ शब्द रोमन लिपीत तसाच ठेवतो आणि पहिल्यांदा येतो तिथं एका ओळीत अर्थ देतो.

जुडी अधिक नुकसान बरोबर आकार यायला हवा. वरच्या उदाहरणात येतो. तुमच्या उताऱ्यात जुळत नसेल तर भाषांतर थांबवा आणि आकडे पुन्हा वाचून घ्या, बहुतेक वेळा एखादी रेघ पुसट झालेली असते.

सालाचंही बघा. ‘सन १३१२ फसली’ असेल तर आपल्याकडे ५९० मिळवायचे, म्हणजे १९०२-०३. हे वर्ष पावसाळ्याच्या तोंडाशी बदलतं, म्हणून जानेवारीतली नोंद १९०३ ची धरा. उत्तर भारतातल्या फसलीचा हिशेब वेगळा आहे. तो लावलात तर दोनेक वर्षं पुढं जाल.

इनाम कशाचं, तो शब्दही गाळू नका. देवस्थान इनाम असेल तर त्या जमिनीच्या विक्रीवर आजही बंधनं आहेत, नुसतं ‘ग्रँट’ वाचून भावाला ते कळणार नाही.